एका खांबाच्या वाट्याला किती घर?

मराठवाड्यात जुन्या घराचे माप चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचा वाडा वीस खणांचा. खण म्हणजे खांबांच्या ओळींमधली एक मोकळी चौकट. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते माळवद. घर वाढवायचे म्हणजे आणखी खांब उभे करून एक खण जोडायचा. आज लातूर-नांदेडमध्ये माळवदाच्या जागी सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आला, तुळईच्या जागी बीम आणि खांबाच्या जागी कॉलम आला. पण छपराचे वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोचते, हा प्रश्न जुन्या घराला आणि नव्या घराला सारखाच लागू आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याने खरे तर हा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा. त्याला लागणारे गणित सातवी-आठवीच्या पुढचे नाही. कागद, पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो.

माळवदापासूनच सुरुवात करू. मातीचा थर अर्धा मीटर जाडीचा आहे असे समजा. दाबून बसवलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १६ किलोन्यूटन धरता येते. (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचे वजन, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे आकडे डोळ्यांसमोर उभे राहतील.) म्हणजे माळवदाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ८ किलोन्यूटन, अर्थात ८०० किलो माती. आता खांब दोन्ही दिशांना दोन-दोन मीटरवर आहेत असे माना. एका खणाचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, त्यावरची माती ३२ किलोन्यूटन, म्हणजे तीन टनांहून अधिक. मग घराच्या मध्यावरच्या एका खांबावर किती वजन आले?

विद्यार्थी पटकन म्हणतात, 'एका खणाचे.' उत्तर बरोबर आहे, पण तो कोणता खण, हे विचारले की गडबड होते. कारण खण खांबांच्या मध्ये असतो, खांबाच्या भोवती नसतो. मधल्या खांबाला चार खण येऊन भिडतात. प्रत्येक खणाला चार कोपरे आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक खांब आहे, म्हणून प्रत्येक खण आपला एकेक चतकोर त्या चार खांबांना देतो. मधल्या खांबाला चार चतकोर मिळतात, त्यांचा मिळून एक पुरा खण होतो. घराच्या कडेच्या खांबाला दोनच चतकोर मिळतात आणि कोपऱ्यातल्या खांबाला एकच. खांबाभोवतीच्या या क्षेत्राला आपण त्याच्या 'वाट्याचे क्षेत्रफळ' म्हणू. ते काढायची रीत सोपी आहे: शेजारच्या प्रत्येक खांबापर्यंतच्या अंतराचा मध्य काढा आणि तिथे रेघ मारा. रेघेच्या अलीकडचे आपले, पलीकडचे शेजाऱ्याचे.

ही रेघ खरी आहे का? वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. वजन करायचे दोन सारखे काटे घ्या. त्यांच्यावर एक फळी आडवी टेकवा आणि फळीचे स्वतःचे वजन वजा करण्यासाठी दोन्ही काटे शून्यावर आणा. आता एक वीट फळीच्या बरोबर मध्यावर ठेवा. दोन्ही काटे अर्धे-अर्धे वजन दाखवतील. तीच वीट डावीकडून पाव अंतरावर सरकवा. मध्यरेषेचा नियम शब्दशः खरा असता, तर सगळे वजन डाव्या काट्यावर दिसायला हवे होते. प्रत्यक्षात डावा काटा पाऊण वजन दाखवतो आणि उजवा पाव. म्हणजे 'अलीकडचे आपले' हे एकट्या विटेला लागू नाही. आता दुसरी तशीच वीट उजवीकडून पाव अंतरावर ठेवा. डाव्या काट्यावर पहिल्या विटेची पाऊण आणि दुसरीची पाव, मिळून बरोबर एक वीट. उजवीकडेही तसेच. पहिल्या विटेने पाव वाटा शेजाऱ्याला दिला, पण शेजाऱ्याच्या विटेने तेवढाच परत केला. फळीवर वजन सारखे पसरलेले असेल, तर ही देवाणघेवाण कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे बरोबरीत सुटते. म्हणून मध्यरेषा ही वजनाने ओळखलेली सीमा नव्हे, तो हिशेबाचा सोयीचा मार्ग आहे. वजन सारखे पसरलेले आणि रचना मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असेपर्यंतच तो चालतो. एका बाजूला पाण्याची टाकी ठेवली की टाकीचा हिशेब वेगळा, पाव-पाऊणच्या रीतीने करावा लागतो.

आता नव्या घराकडे वळू. नांदेडमध्ये कोणी एक लहानसे दुमजली घर बांधतो आहे असे समजा. चौकडीच्या कागदावर ६ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब आयत काढा. रुंदीच्या बाजूला दर ३ मीटरवर आणि लांबीच्या बाजूला दर ४ मीटरवर कॉलम आहेत. म्हणजे तीन ओळींत तीन-तीन, एकूण नऊ कॉलम आणि त्यांच्यामध्ये ३ मीटर गुणिले ४ मीटरचे चार खण. कॉलमांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर बीम आहे. वाट्याची क्षेत्रफळे आता काढता येतील. कोपऱ्यातल्या कॉलमला दीड गुणिले दोन, म्हणजे ३ चौरस मीटर. कडेच्या मधल्या कॉलमला त्याच्या दुप्पट, ६. घराच्या मध्यावरच्या एकट्या कॉलमला १२. पडताळा करा: चार कोपऱ्यांचे १२, कडेच्या चौघांचे २४ आणि मधल्याचे १२, एकूण ४८. घराचे क्षेत्रफळही ६ गुणिले ८ म्हणजे ४८. ही बेरीज जुळली नाही, तर कोणता तरी तुकडा दोघांना वाटला गेला आहे किंवा कोणालाच मिळालेला नाही. पुढच्या पायरीला जाण्याआधी इथे थांबून चूक शोधावी.

पहिल्या मजल्याचा स्लॅब १२ सेंटिमीटर जाड आहे. लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरतात, म्हणून स्लॅबचे चौरस मीटरला ३ किलोन्यूटन झाले. फरशी आणि तिच्याखालचा थर यांचे १. माणसे आणि सामानसुमान यांच्यासाठी राहत्या घरात आपली भारतीय मानके २ किलोन्यूटन धरायला सांगतात. एकूण ६. इथे एक गंमत पाहा. माणसे धरूनही नव्या मजल्याचा चौरस मीटर ६ किलोन्यूटनचा आणि जुन्या माळवदाची नुसती माती ८ किलोन्यूटनची.

स्लॅबवरचे हे वजन थेट कॉलमवर उडी मारत नाही, वाटेत बीम आहेत. एका खणाच्या चारही बाजूंना बीम असले, तर कोणत्या बीमला किती? खणाच्या प्रत्येक कोपऱ्यातून ४५ अंशांची रेघ आत काढा. ३ मीटरच्या बाजूंवर दोन त्रिकोण तयार होतात आणि ४ मीटरच्या बाजूंवर दोन समलंब चौकोन. त्रिकोणाचा पाया ३, उंची दीड, क्षेत्रफळ सव्वादोन. समलंबाच्या समांतर बाजू ४ आणि १, उंची दीड, क्षेत्रफळ पावणेचार. दोन्ही जोड्यांची बेरीज १२, म्हणजे पुरा खण.

इथे पहिल्या वर्षाची मुले हमखास अडखळतात. वर्गात शिकवलेले असते की स्लॅब आपले वजन आखूड दिशेने नेतो. ते खरे आहे. स्लॅबमधून दोन सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या, एक ३ मीटरची आणि एक ४ मीटरची, तर सारख्या वजनाखाली लांब पट्टी आखूड पट्टीच्या तिप्पट वाकेल, कारण वाकणे लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॅबच्या असल्याने त्यांना मध्यावर सारखेच वाकावे लागते. तेव्हा ताठ असलेली आखूड पट्टी जास्त वजन उचलते. पण त्यावरून मुले लिहितात की 'आखूड बीमवर जास्त वजन येते'. नेमके उलटे आहे. आखूड पट्टीची दोन टोके टेकलेली असतात ती लांब बीमवर. म्हणून जास्त वाटा, म्हणजे समलंब, लांब बीमला जातो. बांधकामावर हे डोळ्यांनी पाहता येते. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळयांच्या जाळीकडे पाहा. खणाच्या मध्यभागी खालच्या थरातल्या मुख्य सळया आखूड दिशेने धावत असतात. त्या ज्या बीमपाशी संपतात, त्याच बीमकडे स्लॅबचे जास्त वजन निघाले आहे. खणाची लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक असेल, तर त्रिकोणांचा विचार सोडून सगळे वजन लांब बीमवरच धरतात.

आता घराच्या आतल्या बीमांना दोन्ही बाजूंनी वजन मिळते. ४ मीटरच्या आतल्या बीमला दोन समलंब, साडेसात चौरस मीटर, म्हणजे ४५ किलोन्यूटन. ३ मीटरच्या आतल्या बीमला दोन त्रिकोण, साडेचार चौरस मीटर, म्हणजे २७. प्रत्येक बीम निम्मे वजन एका टोकाला देतो आणि निम्मे दुसऱ्या. मधल्या कॉलमला लांब बीम दोन मिळतात, त्यांचे अर्धे-अर्धे मिळून ४५. आखूड बीमही दोन, त्यांचे मिळून २७. एकूण ७२. आणि थेट वाट्याच्या क्षेत्रफळाने काय आले असते? १२ गुणिले ६, म्हणजे ७२. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले. शिक्षकांनी दोन गटांना दोन रीती वाटून द्याव्यात आणि उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत.

इथपर्यंत आलेला विद्यार्थी खूश होऊन म्हणतो की मधल्या कॉलमवर कोपऱ्यातल्याच्या चौपट वजन आहे. क्षेत्रफळ चौपट आहे, हे खरे. पण आपण भिंती विसरलो.

भिंत स्लॅबवर पसरलेली नसते, ती एका रेघेवर, बीमवर उभी असते. म्हणून तिचा वाटा चौरस मीटरांत नाही, धावत्या मीटरांत मोजायचा. बाहेरची भिंत २३ सेंटिमीटर जाडीची, बीमच्या खालपर्यंत २.६ मीटर उंच आणि गिलाव्यासह घनमीटरला २० किलोन्यूटन धरली, तर प्रत्येक धावत्या मीटरला जवळजवळ १२ किलोन्यूटन भरतात. आतली भिंत निम्म्या जाडीची, म्हणून ६. तुलना करा. आतल्या लांब बीमवर स्लॅबचे वजन ४५ किलोन्यूटन आहे, म्हणजे मीटरला सव्वाअकरा. नऊ इंची भिंत एकटीच तेवढ्याला भारी पडते! दारे-खिडक्यांमुळे ती काहीशी हलकी होते, पण हिशेबात ती सहसा भरीव धरतात.

मधल्या कॉलमच्या वाट्याला चारही बाजूंच्या बीमांची अर्धी-अर्धी लांबी येते: दोन, दोन, दीड आणि दीड, एकूण ७ मीटर. त्या सगळ्यांवर आतल्या भिंती आहेत असे धरू. कोपऱ्यातल्या कॉलमला दोनच बीम, त्यांची लांबी साडेतीन मीटर, पण त्यावर बाहेरची जाड भिंत. गुणाकार करा. ७ गुणिले ६ बरोबर ४२ आणि साडेतीन गुणिले १२ बरोबर ४२. भिंतींच्या बाबतीत कोपऱ्यातला आणि मधला कॉलम एकाच मापाचे ठरले.

आता गच्चीपासून खाली उतरू. गच्चीच्या स्लॅबवर पाणी गळू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. तो जड असतो, सुमारे २ किलोन्यूटन. वर माणसांसाठी दीड. स्लॅबचे ३ धरून एकूण साडेसहा. मधल्या कॉलमवर १२ चौरस मीटरचे ७८ आले. स्लॅबखाली लोंबणाऱ्या बीमचे स्वतःचे वजन मीटरला पावणेदोनच्या आसपास, ७ मीटरचे १२. गच्चीचे झाले ९०. पहिल्या मजल्यावर स्लॅबचे ७२, बीमचे १२, त्यावर उभ्या भिंतींचे ४२, मिळून १२६. त्याच्याखाली जोत्याच्या पातळीवर पुन्हा बीम असतात आणि त्यांच्यावर तळमजल्याच्या भिंती. ते ५४. मात्र तळमजल्याची फरशी आणि तिच्यावरची माणसे यात येत नाहीत. ती जोत्यातल्या भरावावर टेकलेली असतात, त्यांची वाट थेट जमिनीत जाते. कॉलमचे स्वतःचे वजन फुटिंगपर्यंत सुमारे २० धरा. सगळे मिळून २९०.

कोपऱ्यातल्या कॉलमचा हिशेबही असाच. गच्चीचा स्लॅब साडेएकोणीस, बीम ६ आणि गच्चीच्या कठड्याचे ७. पहिला मजला १८ अधिक ६ अधिक ४२. जोते ६ अधिक ४२. कॉलम २०. बेरीज सुमारे १६७. म्हणजे चौपट राहिले बाजूला, मधल्या कॉलमवर कोपऱ्यातल्याच्या पावणेदोन पटच वजन आहे. कडेच्या कॉलमांपैकी ८ मीटरच्या बाजूवरच्याला सुमारे २४६ येतात आणि ६ मीटरच्या बाजूवरच्याला सुमारे २२३. या दोघांचे क्षेत्रफळ सारखेच, ६ चौरस मीटर. फरक पडला तो बाहेरच्या भिंतीच्या लांबीमुळे. नऊही कॉलमांची बेरीज साधारण १८९३ होते. घराचे स्लॅब, बीम, भिंती, कठडा आणि कॉलम यांचे वजन वेगळेच, कॉलमांचा विचार न करता मोजून पाहा. तेही तेवढेच भरेल. एवढेसे घर आणि वजन जवळजवळ १९० टन.

हे २९० किलोन्यूटन घेऊन कॉलम जमिनीला टेकतो, तेव्हा त्याचा पाय जेमतेम २३ गुणिले ४५ सेंटिमीटरचा असतो. काँक्रीटला तो दाब सोसतो, मातीला सोसत नाही. म्हणून फुटिंग पसरट करतात. लातूर आणि नांदेडच्या बहुतेक भागात वर काळी माती आणि तिच्याखाली बेसाल्ट खडकाचा झिजून झालेला मुरूम सापडतो. (देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो, तिथली गोष्ट वेगळी.) मुरमाने चौरस मीटरला १५० किलोन्यूटन सुरक्षितपणे झेलायचे असे समजू. प्रत्यक्षात हा आकडा त्या जागेची माती तपासूनच ठरतो, पुस्तकातून नाही. फुटिंगच्या स्वतःच्या वजनासाठी दहा टक्के वाढवून ३१९ झाले. भागिले १५०, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या आत. दीड मीटर चौरस फुटिंग पुरेल. कोपऱ्यातल्या कॉलमला तोच हिशेब केला तर १.१५ मीटर चौरस पुरते.

एक सूचना विद्यार्थ्यांसाठी. काँक्रीट आणि सळया किती लागतील हे ठरवताना वजने दीडपट करून घेतात. फुटिंगचे क्षेत्रफळ ठरवताना मात्र मातीचा सुरक्षित आकडा वापरायचा, म्हणून वजनेही खरी, न वाढवलेली घ्यायची. दीडपट वजनाला सुरक्षित आकड्याने भागले, तर एकच काळजी दोनदा घेतल्यासारखे होते आणि खड्डे उगाच मोठे होतात.

बऱ्याच लहान बांधकामांत हिशेब न करता सगळ्या कॉलमांना चार फूट बाय चार फुटांचे एकसारखे खड्डे घेतात. आपल्या घरात तसे केले तर काय होईल? १.२ मीटर चौरस म्हणजे १.४४ चौरस मीटर. मधल्या फुटिंगखाली दाब सुमारे २२० किलोन्यूटन, कोपऱ्याखाली सुमारे १२८. एकाच घराखाली एक पाय मर्यादेच्या दीडपट दाबलेला आणि दुसरा मर्यादेच्या आत. सगळे घर सारखे खचले तर फारसे बिघडत नाही. एक पाय जास्त खचला, की त्याला जोडलेले बीम तिरपे होतात आणि त्यांच्यावरच्या भिंतींत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकस भेगा निघतात. गिलाव्याची भेग केसासारखी आणि जाळीदार असते. खचण्याची भेग तिरकी, एका टोकाला रुंद आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी असते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर हालचाल अजून चालू आहे.

काळ्या मातीत मात्र हाच प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. फुटिंग मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच ठेवले, तर फुगणारी माती त्याला वर ढकलते. त्या ढकलण्याला विरोध करते ते फक्त वरचे वजन. त्यामुळे सर्वांत हलका असलेला कोपऱ्यातला कॉलम सर्वांत आधी उचलला जातो. शिवाय घराच्या कडेची माती भिजते आणि वाळते, मधली छपराखाली असल्याने तेवढी बदलत नाही. जोत्याचे बीम थेट काळ्या मातीवर टेकवले तर त्यांनाही हाच त्रास होतो. भेग पावसाळ्यात मिटते आणि एप्रिल-मेमध्ये उघडते असे दिसले, तर ती वजनाची नाही, मातीची आहे असे बहुधा समजावे.

या पद्धतीच्या मर्यादा दोन ठिकाणी विशेष जाणवतात. फळीच्या प्रयोगात फळी दोनच काट्यांवर होती. आपल्या घरातला बीम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड ओतलेला असतो आणि तीन कॉलमांवर टेकतो. दोन सारख्या गाळ्यांवरून अखंड जाणाऱ्या बीमचा काटेकोर हिशेब केला, तर मधला आधार वाट्यापेक्षा सव्वापट वजन घेतो आणि टोकाचे आधार अर्ध्याऐवजी एका गाळ्याच्या तीन अष्टमांश. कॉलम आणि बीम एकजीव असल्याने प्रत्यक्षातला फरक याहून काहीसा कमी होतो, पण दिशा तीच राहते. म्हणजे आपण मधल्या कॉलमला काढलेले २९० हे थोडे कमी आहेत. अनुभवी अभियंते वाट्याच्या रीतीने आधी अंदाज काढतात आणि मग संगणकाचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहतात. विद्यार्थ्यांनीही तो क्रम सोडू नये. संगणकात एक अंतर चुकीचे भरले गेले, तरी तो तक्रार न करता उत्तर देतो.

दुसरी मर्यादा मोठी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक दगडी भिंती आणि मातीची छपरे अंगावर कोसळून गेली. छपराची माती दर काही वर्षांनी गळती थांबवायला वाढवली जाई, तिचे वजन आपण वर मोजलेच आहे. उभ्या वजनासाठी ती घरे पिढ्यान्‌पिढ्या पुरेशी होती. पण भूकंपात जमीन आडवी हलते, तेव्हा प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या प्रमाणात आडवा जोर निर्माण करते. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे छपराची वाट भिंतीतूनच जात होती. मातीच्या चिखलात रचलेल्या त्या भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नसत. थर सुटले, भिंत फुगून पडली आणि छपराची वाटच नाहीशी झाली. जिथे माळवद खणांच्या लाकडी खांबांवर स्वतंत्र उभे होते, तिथे भिंती ढासळल्या तरी छप्पर जागेवर राहिल्याची घरे भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आढळली. भिंतीचे दगड तिथेही घातक ठरले, पण छपराला खाली जाण्याची स्वतःची वाट होती.

वाट्याचे क्षेत्रफळ या आडव्या जोराची वाट सांगत नाही. छपराचे वजन किती, एवढेच ते सांगते आणि आडवा जोर त्या वजनावरून काढावा लागतो. तो कोणत्या कॉलमकडे जाईल हे क्षेत्रफळावर ठरत नाही, कॉलम किती ताठ आहे आणि भिंती कुठे आहेत यावर ठरते.

शेवटी वर्गासाठी एक उदाहरण. आपल्या घराच्या मालकाला खाली दुकान काढायचे आहे आणि त्याला मधला कॉलम नको आहे. तो काढून त्या जागेवरून ६ मीटरचा एकच बीम टाकला, तर मधल्या कॉलमचे वजन नाहीसे होत नाही. ८ मीटरच्या बाजूंवरचे कडेचे दोन कॉलम ते निम्मे-निम्मे घेतात आणि त्यांच्या वाट्याचे क्षेत्रफळ ६ वरून १२ होते. त्या दोघांच्या फुटिंगचे माप नव्याने काढा. मग त्या ६ मीटरच्या बीमकडे पाहा. त्याच्या बरोबर मध्यावर ४ मीटरचे दोन बीम येऊन टेकतात. आधी हे वजन कॉलममधून सरळ खाली जात होते, आता ते तीन मीटर आडवे चालून जाते. आधीच्या ३ मीटरच्या बीमच्या तुलनेत या बीमला किती पट वाकवणारा जोर सोसावा लागेल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगा. सारखे पसरलेले वजन तेच राहिले, तरी लांबी दुप्पट झाल्यामुळे तो चौपट होतो. मध्यावरचे वजन त्यात अजून मिळवायचे आहे.